मूल एक, गावे दोन
(इंदूर येथील भाषण)



समजा, विभक्त झालेल्या दांपत्यापैकी आई इंदुरात आहे, वडील पुण्यात आणि आठ वर्षांची मुलगी इंदूरच्या शाळेत. ताबा दोघांचा असला, तरी शाळा दोन गावी चालत नाही. म्हणून सत्रात मुलगी आईकडे राहील, हे प्रथम लिहावे.

‘सुट्टी निम्मी निम्मी’ एवढेच लिहिले की तंटा ठरलेलाच! सुट्टी १ मे ते १५ जून असेल, तर तिचे ४६ दिवस होतात. तेव्हा २ ते २४ मे मुलगी वडिलांकडे, असे तारखांनिशी लिहावे. दिवाळी सम वर्षी आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे. रेल्वेने कोणी न्यायचे, कोणी आणायचे आणि भाडे कोणाचे, हेही क्षुल्लक समजू नये; बहुधा भांडण तेथेच पेटते.

दैनंदिन निर्णय मूल ज्याच्याकडे असेल त्याने घ्यावेत. शाळा बदलणे वा शस्त्रक्रिया यांस दोघांची लेखी संमती हवी. प्राणावर बेतले असता मात्र जवळच्याने निर्णय घेऊन तत्काळ कळवावे. पत्राला पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास काय करावे, हे न लिहिल्यास शाळाप्रवेशाची मुदत टळते.

केवळ आपसांतला कागद न पाळल्यास तो अमलात आणणे कठीण जाते. म्हणून तो न्यायालयाच्या आदेशात समाविष्ट करून घ्यावा. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे मूल सामान्यतः राहते तेथील न्यायालयाकडे अर्ज जातो. येथे तो इंदुरात.