आईचं रक्त, बाळाचं वजन आणि जनुकाची साक्ष



ज्या गर्भवतींच्या रक्तात होमोसिस्टीन जास्त असतं, त्यांची बाळं कमी वजनाची जन्मतात, असं पुण्यात आणि म्हैसूरमध्ये दिसलं. बी-१२ किंवा फोलेट कमी पडलं की हे द्रव्य वाढतं. पण वजन घटवणारं खरं कारण होमोसिस्टीनच की गरिबी, अपुरा आहार, अतिश्रम?

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली याचं उत्तर जनुकांत शोधलं. एमटीएचएफआर जनुकाच्या एका प्रकारामुळे होमोसिस्टीन थोडं जास्त राहतं. हा प्रकार कुणाला मिळणार, हे गर्भधारणेच्या वेळीच ठरतं, जणू चिठ्ठी टाकून. घरची परिस्थिती तो सहसा ठरवत नाही. म्हणून हा प्रकार असलेल्या आणि नसलेल्या मातांची तुलना न्याय्य ठरते. या पद्धतीला मेंडेलीय यादृच्छिकीकरण म्हणतात.

एक अडचण होती. आईची निम्मी जनुकं बाळातही उतरतात. मग परिणाम आईच्या रक्ताचा की बाळाच्या स्वतःच्या जनुकाचा? म्हणून बाळाचा जनुकप्रकारही हिशेबात धरला. तरीही आईच्या जनुकप्रकाराचा वजनाशी संबंध टिकला. म्हणजे होमोसिस्टीन हे कारण असल्याचा पुरावा बळकट झाला.

मर्यादाही आहे. हेच जनुक फोलेटच्या वापरावर परिणाम करतं. वजन त्या वाटेनं घटलं असेल, तर दोष एकट्या होमोसिस्टीनचा नाही. म्हणून बी-१२ दिल्यानं वजन वाढतं का, हे प्रत्यक्ष चाचणीनंच ठरवावं लागतं.