अ‍ॅट्रोपिनची एक अँप्यूल का पुरत नाही?

आज डी. फार्मच्या फार्माकॉलॉजीतला एकच ग्राफ समजून घेऊया, डोस-रिस्पॉन्स कर्व्ह. पण सुरुवात पेशंटपासून.

फवारणीचं ऑर्गॅनोफॉस्फेट औषध शरीरात गेलेला शेतकरी कॅज्युअल्टीत येतो. लाळ गळतेय, छातीत घरघर आहे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्यात, नाडी मंद आहे. अ‍ॅट्रोपिनच्या अँप्यूलमध्ये असतं ०.६ मिलिग्रॅम, पण डॉक्टर सुरुवातच तीन ते पाच अँप्यूलनी करतात. पाच मिनिटांत फरक नाही पडला, तर डोस दुप्पट. का बरं?

मस्करिनिक रिसेप्टर म्हणजे खुर्च्या समजा. अ‍ॅसिटिलकोलिन खुर्चीत बसतं आणि काम सुरू करतं, म्हणून ते अ‍ॅगोनिस्ट. अ‍ॅट्रोपिनही त्याच खुर्चीत बसतं, पण काम काहीच करत नाही. नुसती जागा अडवतं, म्हणून ते अँटॅगोनिस्ट. दोघंही कायमचे बसत नाहीत, बसतात आणि उठतात. त्यामुळे जास्त खुर्च्या कोणाला मिळणार, हे कोण किती घट्ट बसतं आणि कोणाची गर्दी किती, यावर ठरतं.

आता ग्राफ. आडव्या अक्षावर अ‍ॅसिटिलकोलिनचा डोस, लॉग स्केलवर. उभ्या अक्षावर परिणाम. समजा, गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा १ युनिटला निम्मा आकुंचन पावतो. या निम्म्या परिणामाच्या डोसला ईसी-फिफ्टी म्हणतात. थोडं अ‍ॅट्रोपिन घातलं, की तेवढ्याच आकुंचनासाठी समजा १० युनिट लागतात. ‘एस’ आकाराचा कर्व्ह तसाच उजवीकडे सरकतो. पण डोस वाढवत नेला, तर शेवटी तो पूर्वीचीच उंची गाठतो. हीच स्पर्धात्मक अँटॅगोनिस्टची खूण. उंचीच कमी झाली असती, तर समजायचं की अडथळा वेगळ्या प्रकारचा आहे.

आता पेशंटकडे परत या. विषाने कोलिनएस्टरेज हे एन्झाइम बंद पाडलंय. अ‍ॅसिटिलकोलिन मोडलं जात नाही, साचत जातं, आणि पेशंट कर्व्हच्या वरच्या टोकाला पोचलाय. अ‍ॅट्रोपिन ते अ‍ॅसिटिलकोलिन काढून टाकत नाही, फक्त कर्व्ह उजवीकडे ढकलतं. त्यामुळे तेवढंच अ‍ॅसिटिलकोलिन आता कमी परिणाम देतं. गर्दी जितकी मोठी, तितका कर्व्ह लांब ढकलावा लागतो. एका अँप्यूलने तो पुरेसा सरकतच नाही.

मग थांबायचं कुठे? फुप्फुसांतली घरघर गेली, नाडी ८० च्या वर आली, बीपी सावरलं, की डोस दुप्पट करणं थांबतं. पुढे ठरावीक वेगाने ड्रिप. ताप, बडबड आणि आतड्यांचा आवाज बंद, हे सगळं एकत्र दिसलं, तर अ‍ॅट्रोपिन जास्त झालंय.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. श्वासाच्या स्नायूंवरचे रिसेप्टर निकोटिनिक असतात. त्या खुर्च्यांवर अ‍ॅट्रोपिन बसत नाही. म्हणून छाती मोकळी झाली तरी श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात, आणि तेव्हा व्हेंटिलेटरच लागतो.

परीक्षेत हा ग्राफ आला, तर आधी दोन गोष्टी बघा: कर्व्ह सरकलाय का, आणि उंची तीच आहे का. भेटूया पुढच्या भागात.