जपानमधल्या लेकीच्या कार्डाची मागची बाजू

आपल्याकडच्या बऱ्याच मुली लग्न होऊन नवऱ्याच्या नोकरीपायी जपानला जातात. व्हिसा मिळाला, विमानात बसली, की आपल्याला वाटतं कागदाचं काम संपलं. पण तिथला नियम वेगळा आहे. तिथे पोचल्यावरही काही गोष्टी सरकारला कळवत राहाव्या लागतात, आणि त्यासाठी मुदत असते १४ दिवसांची.

टोकियोच्या मोठ्या विमानतळावर उतरल्यावर तिला एक कार्ड मिळतं. त्याला रहिवासी कार्ड म्हणू या. त्यावर तिचा फोटो असतो आणि ती तिथे कशासाठी राहते आहे ते लिहिलेलं असतं. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत हे कार्ड घेऊन वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा.

आता समजा, वर्षभराने जोडप्याने घर बदललं. एदोगावा वॉर्ड सोडून ते ३ जूनला शेजारच्या कोतो वॉर्डात गेले. एकाच टोकियोत असले तरी ही दोन वेगळी ऑफिसं आहेत. म्हणून आधी एदोगावात सांगायचं, ‘आम्ही इथून जातोय’, आणि मग १७ जूनच्या आत कोतोत सांगायचं, ‘आम्ही इथे आलो.’ तिथला कारकून नवा पत्ता कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून देतो. पुढे इमिग्रेशनला ते ऑफिसच कळवतं.

चूक होते ती इथे. नवरा आपलं कार्ड नेतो आणि बायकोचं घरीच कपाटात राहतं. म्हणून लेकीला फोनवर विचारा, “तुझ्या कार्डाच्या मागे आता राहतेस तोच पत्ता आहे का गं?” नसेल तर उशीर झाला तरी तिने लगेच जावं. मुदत चुकली तर २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणजे आपले साधारण लाखभर रुपये. जुनं घर सोडून ९० दिवस झाले, तरी सबळ कारण नसताना नवा पत्ता कळवलाच नाही, तर राहण्याची परवानगीच रद्द होऊ शकते. आणि खोटा पत्ता दिला तर तुरुंगवासही होऊ शकतो.

नोकरीचं काय? नवरा नोकरीच्या व्हिसावर असेल, तर कंपनी सोडल्याचं १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं आणि नवी धरल्याचंही १४ दिवसांत कळवायचं. कंपनी आपलं कळवते, म्हणून त्याचं काम सुटत नाही. बायको त्याच्यावर अवलंबून म्हणून गेली असेल आणि रीतसर परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंतचं काम करत असेल, तर दुकान बदललं म्हणून तिला हे कळवावं लागत नाही.

आता अवघड गोष्ट. घटस्फोट झाला किंवा नवरा वारला, तर नवऱ्याच्या आधारावर राहणाऱ्या बायकोने तेही १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. ऑनलाइन, टपालाने किंवा ऑफिसात जाऊन कळवता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. पुष्कळ मुली घाबरून गप्प बसतात. त्यांना वाटतं, कळवलं की हाकलतील. पण कळवणं वेगळं आणि कार्ड रद्द होणं वेगळं. कळवून तिने पुढची वाट शोधायची असते. नोकरी मिळत असेल, तर स्वतःच्या नावावर दुसऱ्या प्रकारची परवानगी मागता येते. गप्प राहिली तर दंडाची भीती राहतेच, शिवाय नवा अर्ज करताना न कळवल्याची गोष्ट तिच्या विरोधात जाते. तोवर वेळही निघून जातो, कारण नवऱ्यावर अवलंबून राहण्याचं कारण संपून ३ महिने झाले की कार्ड रद्द करण्याचा विचार होऊ शकतो.

आणि मारहाणीमुळे लेक घर सोडून गेली असेल तर? घटस्फोट झालेला नसला, तरी पत्ता बदललेलाच असतो. तिला भीती वाटते, नवा पत्ता नोंदवला तर नवरा शोधत येईल. अशा बाईने वॉर्ड ऑफिसात किंवा पोलिसांत छळाची तक्रार सांगून आपला पत्ता नवऱ्याला देऊ नये, अशी विनंती करायची. तिथे ती सोय आहे. छळामुळे पत्ता कळवायला उशीर झाला, तर ते सबळ कारण धरलं जातं. म्हणून मार खाल्ल्याचे फोटो आणि दवाखान्याचे कागद तिने जपून ठेवावेत.

आपण इथून एवढं करू शकतो. लेकीच्या कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो आपल्या फोनमध्ये ठेवा. घर बदललं असं ती म्हणाली, की त्या दिवसापासून १४ दिवस मोजा आणि तिच्याकडून मागच्या बाजूचा नवा फोटो मागवा.