लाल शाईच्या आधी
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



मला दहा मिनिटे दिली आहेत. शाळेच्या आठवणी सांगा, असे संयोजकांनी सांगितले होते. पण मी स्वतः बावीस वर्षे गणित शिकवतो आहे, त्यामुळे एक आठवण आणि तिच्या निमित्ताने माझ्या हातून झालेली एक चूक, एवढेच सांगतो.

तुम्हाला आठवत असेल, आपल्या गणिताच्या बाई चाचणीच्या वेळी टेबलाशी बसून सतत काहीतरी लिहीत असायच्या. आपल्याला वाटायचे, बाई घरचा हिशेब करताहेत. एकदा मी डोकावून पाहिले, तर त्या आपलीच प्रश्नपत्रिका कोऱ्या कागदावर सोडवत होत्या. स्वतः काढलेला पेपर पुन्हा कशाला सोडवायचा, हे मला तेव्हा कळले नाही. ते कळायला मला शिक्षक होऊन सहा वर्षे लागली.

दहावीच्या वर्गाची घटक चाचणी होती. मी दोन गुणांचा प्रश्न घातला होता : काटकोन त्रिकोणाचा कर्ण १० सेमी आहे आणि कर्णावर काढलेला शिरोलंब ६ सेमी आहे, तर त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढा. उत्तरसूचीत मी लिहिले, अर्धा गुणिले १० गुणिले ६, म्हणजे ३० चौसेमी. वर्गातल्या बहुतेक मुलांनी ३० लिहिले. एका मुलीने मात्र एक अर्धवर्तुळ काढून खाली लिहिले होते, 'असा त्रिकोण काढता येत नाही.' रात्रीचे अकरा वाजले होते, गठ्ठा अर्धा व्हायचा होता. मी फुली मारली, शून्य दिले आणि शेजारी लाल शाईने लिहिले, 'सूत्र वापर.'

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मुलगी पेपर आणि कंपासपेटी घेऊन शिक्षकखोलीत आली. म्हणाली, "सर, तुम्ही काढून दाखवा ना." मी पट्टीने १० सेमीचा कर्ण आखला. काटकोन त्रिकोणाचा तिसरा शिरोबिंदू कर्णावर काढलेल्या अर्धवर्तुळावरच असतो, हे मीच शिकवले होते. कर्णाचा मध्य धरून अर्धवर्तुळ काढले. त्याची त्रिज्या ५ सेमी. म्हणजे अर्धवर्तुळावरचा कुठलाही बिंदू कर्णापासून जास्तीत जास्त ५ सेमी उंच जाणार. सहा सेमी उंची मिळणार कुठून? कंपास हातात तसाच राहिला.

घरी जाऊन दुसऱ्या वाटेने पाहिले. भूमितीमध्याचे प्रमेय सांगते, की शिरोलंबाचा वर्ग हा कर्णाच्या दोन तुकड्यांच्या गुणाकाराएवढा असतो. तुकड्यांची बेरीज १० आणि गुणाकार ३६ हवा. पण बेरीज १० असलेल्या दोन संख्यांचा गुणाकार पाच पाचे पंचवीसच्या वर जातच नाही. मुलगी बरोबर होती. उत्तरसूची चूक होती, कारण प्रश्नच चूक होता.

चूक कशी झाली तेही सापडले. माझ्या जुन्या वहीत मूळ उदाहरण होते, ६, ८, १० बाजूंच्या त्रिकोणाचे. त्यात कर्णावरचा शिरोलंब ४.८ येतो आणि क्षेत्रफळ २४. मुलांना दशांश नकोत म्हणून मी ४.८ च्या जागी ६ लिहिले आणि क्षेत्रफळ सूत्राने काढून मोकळा झालो. बदललेल्या आकड्यांचा त्रिकोण अस्तित्वात आहे का, हे पाहिलेच नाही. उत्तरसूचीतल्या चुका बऱ्याचदा अशाच शिरतात. मूळ उदाहरण बरोबर असते, एक आकडा बदलतो आणि त्याच्याबरोबर काय काय बदलायला हवे, ते राहून जाते.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे ते बाकीचे ३०. एवढी मुले आपल्या उत्तराशी जुळली की आपल्याला खात्री वाटते. पण त्यांनी तेच सूत्र वापरले होते, जे मी वापरले होते. एकाच वाटेने चाळीस जण गेले म्हणून ती वाट बरोबर ठरत नाही.

हे माझ्यासारख्या एकट्या मास्तराचेच होते असे नाही. अमेरिकेत १९८२ साली सॅट या मोठ्या परीक्षेत प्रश्न होता : लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्याच्या एक तृतीयांश आहे. लहान वर्तुळ मोठ्याभोवती बाहेरून घरंगळत सुरुवातीच्या जागी येईपर्यंत स्वतःभोवती किती फेरे घेईल? उत्तरसूचीत होते ३, कारण परिघ तिप्पट. खरे उत्तर ४, आणि ते पर्यायांत नव्हतेच. तीन विद्यार्थ्यांनी पत्राने ही चूक कळवली आणि तो प्रश्न गुणांतून वगळावा लागला. आत्ता खिशातली दोन रुपयांची दोन सारखी नाणी काढा. एक स्थिर धरून दुसरे त्याच्याभोवती न घसरू देता फिरवा. परिघ सारखे, म्हणून एक फेरा वाटतो, पण नाणे दोनदा फिरते. कारण फिरणाऱ्या नाण्याचा मध्य स्थिर नाण्याच्या कडेवरून जात नाही, तो दोन त्रिज्यांएवढ्या मोठ्या वर्तुळावरून जातो.

त्या मुलीनंतर मी माझी पद्धत बदलली. पेपर छापायला देण्याआधी एक दिवस जाऊ देतो आणि मग उत्तरसूची न उघडता, छापायच्या प्रतीवरूनच सोडवतो. मनातला प्रश्न आणि कागदावरचा प्रश्न कधीकधी वेगळे असतात. आलेले उत्तर पुन्हा प्रश्नात घालून दिलेली प्रत्येक अट पाळली जाते का, ते पाहतो. भूमिती असेल तर मापाने आकृती काढतो, हाताने ओढलेली कच्ची नाही. कच्च्या आकृतीत सहा सेमीचा शिरोलंबही बिनतक्रार बसतो!

तपासताना वेगळे उत्तर दिसले आणि त्यामागे रीत लिहिलेली असली, तर फुली मारत नाही, समासात पेन्सिलीने टिंब करतो. दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्याने त्या मुलाची रीत ओळीओळीने वाचतो आणि तोच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवतो. दरवेळी मूलच बरोबर असते असे नाही. एकाने वर्गमूळ ४९ चे उत्तर अधिक-उणे ७ लिहून माझ्याशी वाद घातला. मी पडताळले, उत्तरसूची बरोबर होती. त्या चिन्हाचा अर्थ धन वर्गमूळ, दोन उत्तरे येतात ती 'क्ष वर्ग बरोबर ४९' या समीकरणाला. गुण दिले नाहीत, पण त्याला फरक समजावून सांगता आला.

आणि सूचीच चुकली असेल, तर एक पेपर दुरुस्त करून भागत नाही, पूर्ण गठ्ठा पुन्हा उघडावा लागतो. त्या चाचणीत मी मुलीला दोन गुण दिले, आणि ३० लिहिणाऱ्यांचेही कापले नाहीत, कारण चुकीचा प्रश्न मी दिला होता. वर्गात फळ्यावर ते अर्धवर्तुळ तिच्याकडूनच काढून घेतले. तिच्या पेपरवरचे 'सूत्र वापर' मी खोडले आणि खाली माझी सही केली.

बाई, आज तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. तुम्ही टेबलाशी बसून काय लिहीत होता, ते मला समजले आहे. जरा उशिराच समजले, एवढेच.