बचत खात्यातून पैसे कुठे जातात?
(स्वयंसेवक मेळाव्यातील भाषण)



पाड्यांवरील कुटुंबांची खाती उघडून देताना आपण जवळची शाखा पाहतो. आज मी तुम्हाला त्या खात्यांचे शुल्क पाहायला सांगणार आहे.

एक उदाहरण घेऊ. एका बँकेत महिन्याची सरासरी शिल्लक २,००० रुपये लागते, आणि कमी पडलेल्या रकमेवर ६ टक्के दंड आहे. एका मजूर भगिनीच्या खात्यात पहिल्या तारखेला ६,००० रुपये होते. चौथ्या तारखेला तिने ५,५०० काढले. तीन दिवस ६,००० आणि सत्तावीस दिवस ५०० राहिले. त्यांची बेरीज ३१,५०० येते. तिला तीसने भागले की सरासरी १,०५० निघते. म्हणजे ९५० कमी पडले. त्यावर दंड ५७ रुपये आणि १८ टक्के जीएसटी धरून ६७ रुपये २६ पैसे. दर महिन्याला असेच झाले तर वर्षाला आठशेहून अधिक रुपये गेले.

आता तुलना करा. स्टेट बँकेने हा दंड २०२० मध्ये बंद केला. कॅनरा बँकेने जून २०२५ पासून आणि बँक ऑफ बडोदाने साध्या बचत खात्यांपुरता जुलै २०२५ पासून तो काढला. अनेक खासगी बँकांत तो आजही आहे.

जिथे दंड आहे, तिथेही रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. आधी ग्राहकाला कळवून शिल्लक भरायला एक महिना द्यावा लागतो, आणि केवळ या दंडामुळे खाते उणे करता येत नाही. पासबुकात उणे आकडा दिसला, तर शाखेत लेखी तक्रार द्या.

एटीएमचे पाहा. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार मोफत असतात. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महानगरात तीन आणि इतरत्र पाच. पुढे पैसे काढताना २३ रुपयांपर्यंत शुल्क आणि वर जीएसटी लागतो. नुसती शिल्लक पाहिली तरी एक व्यवहार मोजला जातो, हे आपल्या लोकांना माहीत नसते. मशीन बिघडल्याने पैसे निघाले नाहीत, तर तो प्रयत्न मात्र मोजत नाहीत.

एसएमएसचे शुल्क लहान दिसते. तीन महिन्यांना १५ रुपये असेल तर जीएसटीसह १७ रुपये ७० पैसे, वर्षाला ७० रुपये ८० पैसे. पासबुकात ही नोंद तिमाहीच्या सुमारास सापडते.

ज्यांच्या खात्यात पैसे टिकतच नाहीत, त्यांच्यासाठी मूलभूत बचत खाते बरे. त्याला किमान शिल्लक लागत नाही, एटीएम कार्ड मोफत मिळते आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे विनाशुल्क काढता येतात. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. म्हणून जुने खाते याच प्रकारात बदलून द्या, असा अर्ज करावा.

पुढच्या भेटीला जाताना प्रत्येक घरचे पासबुक भरून आणा आणि वजा झालेली प्रत्येक लहान रक्कम अधोरेखित करा.