मागच्या पानाची रेघ

दिंडीच्या जुन्या हिशोबाच्या वहीची झेरॉक्स वाचताना आम्ही कुठं फसलो, तेवढंच सांगतो.

कागद पातळ, शाई फिकी, शिवणीजवळ काळी सावली, अन् मागच्या पानाचं लिखाण पुढं उमटलेलं. उमटलेलं अक्षर उलटं दिसतं, म्हणून ओळखू येतं. पण उभी रेघ आणि टिंब उलटं झालं तरी तसंच दिसतं. खरी फसगत तिथंच होते.

गंगाखेडकडच्या एका गावापुढं जवारी २॥, म्हणजे अडीच मण, असं आम्ही वाचलं. त्याखाली दीड मण आणि तीन मण. बेरीज सात व्हायला पाहिजे. वहीत मात्र ६॥।, पावणेसात. पाव मण जास्तीचा आला कुठून?

मग मागच्या पानाची त्याच मापाची झेरॉक्स पालथी करून या पानामागं धरली, कडा जुळवल्या आणि दोन्ही पानं खिडकीच्या काचेला लावली. दुसरी रेघ मागच्या ‘माळ’ शब्दाच्या कान्यावर बरोबर बसली. खरा आकडा २।, सव्वादोन!

मूळ वही हाती असेल तर पानामागं काळा कागद ठेवूनच झेरॉक्स काढा. आरपार गेलेला उजेड पांढऱ्या कागदावरून परत येतो, म्हणून मागची शाई उठून दिसते. काळा कागद तो उजेड गिळतो. पान काळपट आलं तर मशीन जरा फिकं करून घ्या.

दोन्ही पानांच्या रेघा एकावर एक आल्या, तर काचही निवाडा करत नाही. तिथं बेरीज बघावी. तीही नसेल तर प्रश्नचिन्ह करून पुढं जावं, अंदाजानं आकडा लिहू नये. रामकृष्ण हरी!