चित्रातलं स्टील प्लास्टिकसारखं का दिसतं?

आम्ही दोघी स्वयंपाकघरांची संगणकावरची चित्रं करतो. सुतारकामाला हात लागण्याआधी घरच्या बाईला तिचा ओटा कसा दिसेल ते दाखवायचं, हे आमचं काम. चित्र बघून ती लाखभराचं सामान ठरवते, म्हणून चित्र खोटं बोलून चालत नाही.

मागे एका ताईंसाठी आम्ही एक चित्र केलं. शेगडीमागे ब्रश फिनिश स्टीलचा पत्रा, अक्रोडाच्या विनियरची शटर्स, ओट्याला पांढरा संगमरवर आणि खिडकीला लिननचा पडदा. ताईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "हा पत्रा बादलीच्या प्लास्टिकचा वाटतोय गं." खरंच वाटत होता. आम्ही पदार्थाचं वर्णन फक्त ‘राखाडी, चकचकीत’ एवढंच केलं होतं.

आम्ही ब्लेंडर वापरतो. त्यात प्रत्येक पदार्थाला Metallic नावाचा आकडा असतो. धातूला 1, बाकी सगळ्याला 0. मधलं काही नाही, कारण पदार्थ अर्धा धातू नसतो. आमचा आकडा 0 राहिला होता. तो 1 केला, तर पत्रा काळाकुट्ट! तासभर डोकं खाजवल्यावर उमगलं. धातूला लाकडासारखा स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच, समोर जे असेल ते तो परत दाखवतो. आणि आमच्या चित्रात कॅमेऱ्याच्या मागे खोलीच नव्हती, नुसता अंधार होता. मागे भिंत, दार आणि एक खिडकी उभी केली तेव्हा कुठे स्टील स्टीलसारखं झालं.

तरी ते आरशासारखं दिसत होतं. मग Roughness, म्हणजे खरखरीतपणा. 0 म्हणजे आरसा, 1 म्हणजे पार निस्तेज. आम्ही 0.3 ठेवला. शेवटची गोष्ट ब्रशच्या रेघांची, आणि ती समजायला घरातला स्टीलचा डबा पुरे. ज्याच्या झाकणावर गोल गोल बारीक रेघा आहेत असा डबा घ्या आणि दिव्याखाली धरा. मधून कडेपर्यंत पंख्याच्या पात्यासारखी चमक दिसेल. झाकण जागच्या जागी फिरवा, पाती हलत नाहीत. रेघा गोल, पण चमक रेघांना आडवी छेदून पसरते. आमच्या पत्र्यावर रेघा आडव्या होत्या, म्हणजे दिव्याची चमक उभी ताणलेली हवी. त्यासाठी Anisotropic हा आकडा 0.7 पर्यंत नेला आणि दिशा तपासली. दिशा चुकली तर नेमकं काय चुकलं ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतं नक्की.

अक्रोडाच्या लाकडात चूक मापाची होती. विनियरचा फोटो दोन फुटांचा होता आणि आम्ही तो सहा फुटांच्या शटर्सवर ताणून बसवला. रेषा तिप्पट जाड झाल्या आणि शटर्स खेळण्यातल्या भातुकलीची वाटू लागली. आता आम्ही खरा तुकडा टेबलावर ठेवून फूटपट्टीनं रेषांमधलं अंतर मोजतो आणि चित्रात तेवढंच ठेवतो. शेजारच्या शटरवर तोच फोटो पुन्हा दिसला, तर तेही लगेच ओळखू येतं. अक्रोड उन्हानं हळूहळू फिकट होतो, म्हणून खिडकीजवळच्या शटरचा रंग कायम असाच राहणार नाही, हे आम्ही तोंडानं सांगतो. चित्रात ते येत नाही.

संगमरवरानं मात्र जीव टांगणीला लावला. ताईंना मॅट दगड हवा होता. लिंबाचा रस पडला की पॉलिशच्या संगमरवरावर डाग चटकन उठून दिसतो. आम्ल दगडातला चुनखडीचा अंश खातं आणि तेवढीच जागा निस्तेज होते. मॅट दगडालाही आम्ल लागतंच, पण तिथे ते इतकं डोळ्यांत भरत नाही. आमच्या चित्रात Roughness 0.1 होता, म्हणजे झक्क पॉलिश. ताई म्हणाल्या, "हाच दगड येणार असेल तर मला नको." दुकानात आगाऊ रक्कम द्यायला दोन दिवस उरले होते. 0.4 करून चित्र पुन्हा दाखवलं, तेव्हा ताई "हो" म्हणाल्या. त्याच वेळी आणखी एक चूक सापडली. ओट्याच्या पुढच्या कडेवर शिरा अचानक तुटत होत्या, जणू वर कागद चिकटवलाय. खऱ्या दगडात शीर आरपार असते, वरून कडेवर तशीच उतरते. ओट्याचा दगड जाड दिसावा म्हणून कारागीर खालून पट्टी चिकटवतो, तेव्हाही तो शीर जुळवूनच लावतो.

पडद्याचं थोडक्यात. लिननचा धागा कुठे जाड, कुठे बारीक असतो, म्हणून एकसारखी वीण दाखवली की ते टेरिकॉट वाटतं. आणि खिडकीचा उजेड कापडातून थोडा आत येऊ द्यावा लागतो, नाहीतर पडदा पुठ्ठ्याचा होतो. आमचा पहिला तसाच झाला होता. ताईंनी पडद्याबद्दल अजून काहीच ठरवलेलं नाही.